शेवट न फोडता मालिका कशी सुचवावी?

प्रश्न : माझी सर्वांत आवडती मालिका 'डार्क'. मी ती दोनदा पाहिली आहे आणि आता जिवलग मैत्रिणीला सुचवायची आहे. तिला रहस्यकथा आवडतात. वाचताना ती मागची पानं उलटून धागे शोधत बसते. मुलगा झोपल्यावर रात्री तिला जेमतेम तासभर मिळतो. मध्ये एक मालिका अर्धवट बंद पडली म्हणून ती फार चिडली होती. अडचण अशी, की हीच मालिका मी आधी एका ऑफिसातल्या मैत्रिणीला सुचवली, तर ती म्हणाली, "तू एवढं सांगितलंस की मला दुसऱ्या भागातच सगळं कळलं." मला वाटतं मी काहीच फोडलं नव्हतं. तेव्हाचा मेसेज खाली देते. यात काय चुकलं? आणि आता कसं लिहू?

"अगं 'डार्क' बघच!!! ▢▢▢▢ वर आहे. पहिले चार-पाच भाग स्लो आहेत, पण सहन कर, नंतर डोकं फिरतं. शेवटी असला ट्विस्ट आहे की विचारू नकोस. आणि ▢▢▢▢ वर नीट लक्ष ठेव, एवढंच सांगते. नाही आवडली तर तुझी माझी मैत्री संपली!"

— एक वाचक

उत्तर : मेसेजमधल्या दोन जागा आम्ही गाळल्या आहेत, कारण हे सदर वाचणाऱ्या अनेकांनी ही मालिका पाहिलेली नसेल. त्या दोन जागांपासूनच सुरुवात करू. तुमच्या ऑफिसातल्या मैत्रिणीची तक्रार रास्त होती आणि तिचं मूळ बरंचसं तिथेच आहे.

पहिली गाळलेली जागा मालिकेच्या प्रकाराबद्दल होती. प्रेमकथा, कोर्टातलं नाट्य, पोलिसी तपास असं आपण सहज सांगून जातो आणि बहुतेक मालिकांत त्याने काही बिघडत नाही. पण काही मालिका आपला प्रकार हळूहळू उघड करतात. पहिला भाग एका प्रकारचा वाटतो आणि 'हे नेमकं काय चाललंय' हा प्रश्नच प्रेक्षकाला पुढे ओढत नेतो. अशा मालिकेत प्रकाराचं नाव घेतलं की तो प्रश्नच उरत नाही. तुमच्या मैत्रिणीने पात्रांच्या आधी उत्तर शोधलं, कारण उत्तराचं नाव तुम्ही तिच्या हातात दिलं होतं. पारखायला एक सोपी कसोटी आहे. तो शब्द मालिकेतल्या पात्रांना पहिल्या भागात सुचला असता का? नसता, तर तो मेसेजमध्येही नको. जाहिरातींत आणि बातम्यांत तो सर्रास छापून येतो हे खरं, पण तुमच्या मैत्रिणीने ते वाचलं नसेल तर ते तुमच्याकडून का कळावं?

दुसऱ्या जागेत एका पात्राचं नाव होतं. "याच्यावर लक्ष ठेव" हे वाक्य लिहिणाऱ्याला निरुपद्रवी वाटतं, कारण त्यात घटना कुठलीच नसते. पण रहस्यकथा वाचणारं माणूस पंचवीस चेहऱ्यांतून आपणहून एक चेहरा निवडतं, चुकतं, पुन्हा निवडतं, आणि त्या चुकण्यातच निम्मी मजा असते. तुम्ही बोट दाखवलंत की बाकीचे चोवीस चेहरे अंधारात गेले. उलटं वाक्य लिहिलं तरी परिणाम तोच. "त्या अमक्याचा फार विचार करू नकोस" म्हटलं की तो अमका यादीतून बाद.

"शेवटी असला ट्विस्ट आहे" हे वाक्य त्याच घराण्यातलं. काय घडतं ते सांगितलं नाही, पण काहीतरी उलटणार आहे आणि कुठे उलटणार आहे हे सांगून टाकलं. मग प्रेक्षक प्रत्येक दृश्याकडे संशयाने बघतो, समोर जे दाखवलंय त्यावर विश्वासच ठेवत नाही. शिवाय अपेक्षा इतकी वर जाते की चांगला शेवटसुद्धा "एवढंच?" वाटतो. "सहाव्या भागापर्यंत थांब, मग बघ" हेही तसंच, कारण सहावा भाग लागल्यापासून ती घड्याळाकडे बघत बसणार.

मग काय सांगता येतं? आमचं माप असं : पहिल्या भागाच्या पहिल्या अर्ध्या तासात जे दिसतं आणि ऐकू येतं, तेवढं मोकळेपणाने सांगावं. पूर्ण पहिला भाग नको, कारण जवळजवळ प्रत्येक मालिका पहिल्या भागाच्या शेवटी गळ टाकते आणि तो गळ प्रेक्षकाचा स्वतःचा असतो. 'डार्क'पुरतं बोलायचं तर अर्ध्या तासात भरपूर मिळतं. विंडेन नावाचं जर्मनीतलं काल्पनिक गाव. गावाला लागून घनदाट जंगल, पलीकडे अणुऊर्जा प्रकल्प. सतत पाऊस, आणि त्या करड्या-हिरव्या चित्रात एका मुलाचा पिवळाधमक रेनकोट. गावातला एक मुलगा बेपत्ता आहे आणि पोलिसांना काही धागा लागत नाही. एकमेकांत गुंतलेली चार कुटुंबं आहेत. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत प्रत्येक चित्र मधोमध दुमडून आरशात धरल्यासारखं दिसतं. यातल्या कुठल्याही दोन गोष्टी पुरेत. सगळ्या लिहिल्यात तर सारांश होतो, आणि सारांश वाचून कुणी मालिका लावत नाही.

इथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. 2011 साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले लेव्हिट आणि ख्रिस्टनफेल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असलेल्यांना कथा थोड्या जास्तच आवडल्या. मग एवढी काळजी कशाला? एक तर त्या लघुकथा होत्या, एका बैठकीत संपणाऱ्या. 26 भागांच्या मालिकेत प्रेक्षक आठवडेच्या आठवडे अंदाज बांधत राहतो, तो अनुभव निराळा. दुसरं म्हणजे, काही लोकांना शेवट आधी कळलेला खरोखरच आवडतो, त्यांचा जीव निवांत होतो. पण ते त्यांनी मागावं लागतं. तुमची मैत्रीण पानं उलटते ती मागची, पुढची नाही. तिचा कल तिने तुम्हाला आधीच दाखवला आहे.

आता 'स्लो आहे, सहन कर'कडे वळू. यात फुटलं काहीच नाही, तरी आम्हाला मेसेजमधलं सर्वांत नुकसानकारक वाक्य हेच वाटतं. सुचवणाराच आधी माफी मागतो तेव्हा ऐकणारा पहिल्या मिनिटापासून कंटाळा शोधायला लागतो. आणि 'स्लो' हा शब्द इथे फारसा खराही नाही. सुरुवातीचे भाग जड जातात ते माणसं खूप आणि नावं अनोळखी असल्यामुळे. ही बाई कुणाची आई, तो पोलीस कुणाचा नवरा, हे लक्षात राहत नाही आणि मग दृश्य हातातून निसटतं. अडचण नेमकी कळली की तिच्यावर उपायही नेमका देता येतो. कागदावर चार रकाने आखायचे, वर कानवाल्ड, नील्सन, डॉपलर आणि टीडेमन ही चार आडनावं लिहायची, आणि नवं नाव कानावर आलं की त्या त्या रकान्यात टाकायचं. धागे शोधणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला हे काम ओझं वाटणार नाही, उलट आवडेल. मात्र तयार वंशवृक्ष तिने इंटरनेटवर शोधता कामा नये. तो नुसता दिसला तरी मालिका संपली म्हणून समजा.

या मालिकेत दुसरी एक गोष्ट हमखास बिघडते आणि ती मेसेजमध्ये सांगायलाच हवी. मूळ मालिका जर्मन भाषेत आहे. पण नेटफ्लिक्सवर लावली की प्रोफाइलच्या भाषेनुसार बऱ्याचदा इंग्रजी डबिंग आपोआप सुरू होतं. ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे, सगळ्यांचा सूर सपाट. पुष्कळ लोक पहिल्या दहा मिनिटांत "अभिनय काही जमला नाही" म्हणून बंद करतात. तो अभिनय त्यांनी ऐकलेलाच नसतो. चालू भागावर आवाज आणि सबटायटलचा पर्याय उघडून आवाजासाठी German [Original] निवडायचं आणि सबटायटल इंग्रजी ठेवायची. सबटायटलच्या यादीत CC लिहिलेला पर्याय असेल तर तो टाळावा. तो बऱ्याचदा डबिंगच्या संवादांवर बेतलेला असतो, त्यामुळे ऐकू येतं एक आणि वाचायला मिळतं दुसरं. आता सबटायटल वाचत बघायचं म्हणजे डोळे पडद्यावर हवेत. कपड्यांच्या घड्या घालत ही मालिका बघता येत नाही. हे तिला आधी कळलं तर ती त्या तयारीने बसेल. पण दिवसभराच्या दमणुकीनंतर तिला वाचत बसणं नकोच असेल, तर डबिंगवर बघू द्या. मालिका तिने बघावी हे महत्त्वाचं, तुमच्यासारखीच बघावी हा हट्ट नको.

पूर्वसूचनेबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, तरी तिच्या घरात लहान मूल आहे म्हणून लिहितो. मालिकेच्या अगदी सुरुवातीलाच आत्महत्येचं दृश्य आहे, आणि पुढे लहान मुलांच्या वाट्याला वाईट गोष्टी येतात. हे सांगणं म्हणजे गोष्ट फोडणं का? नियम साधा ठेवावा : कोणत्या प्रकारचं दृश्य आहे ते सांगायचं, कुणाच्या बाबतीत आणि कितव्या भागात, ते नाही. सुरुवातीचं दृश्य अपवाद, कारण ते टाळायला तिला वेळच मिळणार नाही. नुसतं "काही दृश्यं डिस्टर्बिंग आहेत" असं मोघम लिहून भागत नाही. कुणाला रक्त चालतं पण मुलांचं दुःख बघवत नाही, कुणाचं नेमकं उलटं.

शेवटचं वाक्य, मैत्री संपवण्याचं. प्रेमाने लिहिलंय हे कळतं. पण त्याने मालिका आवडणं ही तिची जबाबदारी होते, आणि मग लोक एक तर लावायचं पुढे ढकलत राहतात, नाहीतर न आवडता "मस्त आहे" म्हणून मोकळे होतात. माया दाखवायला दुसरी जागा आहे, मेसेजची पहिली ओळ. ही मालिका तिलाच का सुचवावीशी वाटली हे तिथे लिहा. इतर कुणालाही तसंच्या तसं पाठवता येणार नाही असं एक वाक्य. तुमच्याकडे ते तयार आहे, पत्रात तुम्हीच लिहिलंय : मागची पानं उलटणं. फोनवर सूचना येते तेव्हा बंद पडद्यावरही पहिली ओळच दिसते, म्हणून तिथे मालिकेचं नाव आणि तीन उद्गारचिन्हं घालवू नका.

दोन वेगळे मेसेज पाठवा असं आम्ही सुचवू. पहिला बोलावण्याचा, दुसरा बसायच्या आधी वाचण्याचा. एकत्र लिहिलं तर आमंत्रण माहितीपत्रकासारखं वाटतं, आणि तीन आठवड्यांनी ती खरंच लावायला बसेल तेव्हा आवाजाची ती सूचना तिला सापडत नाही. दुसरा मेसेज तिने हो म्हटल्यावरच पाठवा.

पहिला साधारण असा :

"अगं, त्या दिवशी तू पुस्तकाची मागची पानं उलटून 'हे आधी सांगितलं होतं का?' म्हणून शोधत बसली होतीस ना, तेव्हाच मला एक मालिका आठवली. अगदी तुझ्या स्वभावाची आहे. 'डार्क', जर्मन आहे, नेटफ्लिक्सवर. जंगलाला लागून एक छोटं गाव, न थांबणारा पाऊस, आणि एक मुलगा बेपत्ता. बारीकसारीक गोष्टी लक्षात ठेवणाऱ्या माणसाला ही मालिका भरभरून देते, म्हणून तूच आठवलीस. तीन सीझन, एकूण 26 भाग, आणि गोष्ट पूर्ण होते, मागच्या वेळसारखी मध्येच लटकत नाही. एक भाग साधारण तासाभराचा, म्हणजे तुझ्या रात्रीच्या वेळात बसतो. घाई काहीच नाही. बघावीशी वाटली तर सांग, लावायच्या आधीच्या दोन-तीन गोष्टी कळवते. नाही भावली तर तेही बिनधास्त सांग."

"गोष्ट पूर्ण होते" हे फोडणं नव्हे. शेवट आहे एवढंच कळतं, कसा आहे ते नाही. अर्धवट मालिकेने पोळलेल्या माणसाला 26 हा आकडा घाबरवत नाही, धीर देतो. पहिल्या सीझनचे दहा, पुढच्या दोन्हींचे आठ-आठ, आणि तिसरा सीझन 2020 साली येऊन मालिका संपली आहे. तिने विचारलं तर हे सांगायला काहीच हरकत नाही.

दुसरा असा :

"लावायच्या आधी एवढं वाच. आवाज इंग्रजीत सुरू झाला तर German [Original] कर, सबटायटल इंग्रजी. सुरुवातीलाच एक आत्महत्येचं दृश्य आहे, आणि मालिकेत लहान मुलांच्या वाट्याला वाईट गोष्टी येतात. त्याबद्दल आधी काही जाणून घ्यायचं असेल तर मला विचार, गोष्ट न फोडता सांगेन. माणसं खूप आहेत, सगळ्यांचीच गडबड होते. कागदावर चार रकाने कर : कानवाल्ड, नील्सन, डॉपलर, टीडेमन. नाव आलं की लिही. कुणाचंही नाव इंटरनेटवर शोधू नकोस, अडलं तर मला विचार. आणि मालिकेच्या पानावर रेंगाळू नकोस, सरळ पहिला भाग लाव."

शेवटच्या दोन सूचनांमागची कारणंही सांगतो, कारण गोष्ट बऱ्याचदा मित्रमैत्रिणींपेक्षा अशा ठिकाणीच फुटते. शोधपट्टीत पात्राचं नाव टाकायला लागलं की पुढचे शब्द आपोआप सुचवले जातात, आणि ते इतरांनी शेवट पाहून शोधलेले असतात. बोट दाबायच्या आधीच वाचून झालेलं असतं. कलाकारांच्या यादीत कोण किती भागांत आहे ते दिसतं. नेटफ्लिक्सच्या पानावर प्रत्येक भागाखाली दोन ओळींचा मजकूर आणि एक चित्र असतं, आणि पुढच्या सीझनांचे ट्रेलरही तिथेच. म्हणूनच तुम्हीही तिला यूट्यूबवरचा ट्रेलर पाठवू नका. एक तर ट्रेलरमध्ये पुढची दृश्यं असतात. शिवाय तिने तो पाहिला की यूट्यूब तिला "शेवटाचा अर्थ" सांगणारे व्हिडिओ दाखवायला लागतं, मोठ्या अक्षरांतल्या मथळ्यांसकट. लिंक द्यायचीच तर नेटफ्लिक्सच्या ॲपमधूनच शेअर करा.

पाठवल्यावर ती आठवडाभर गप्प राहिली तर "लावलीस का?" असं एकदाच विचारा, तेही दुसऱ्या कुठल्या गप्पांच्या ओघात. तीन भाग पाहून ती थांबली तर थांबू द्या. तिसऱ्या भागानंतरही तिला कुतूहल वाटत नसेल, तर मालिका तिच्यासाठी नाही, आणि "थोडी पुढे जा, मग..." म्हणत तुम्ही नेमकं नको ते सांगून बसाल.

ती बघायला लागली की खरी परीक्षा सुरू होते, कारण तिच्यासारखी माणसं अंदाज कळवतात. "मला वाटतं, हे सगळं त्यानेच केलंय" असा मेसेज रात्री साडेअकराला येतो. चुकीच्या अंदाजाला तुम्ही "छे गं!" म्हणता आणि बरोबर अंदाजाला "बघ पुढे" म्हणता. तीन-चार दिवसांत तिला तुमची लकब कळते आणि तुमच्या उत्तरांवरूनच ती गोष्ट सोडवते. डोळे मिचकावणारं चित्र, एरवीपेक्षा उशिरा दिलेलं उत्तर, अचानक बदललेला विषय, सगळं बोलतं. म्हणून एकच उत्तर आधीच ठरवून घ्या आणि अंदाज बरोबर असो की चूक, तेच द्या : "कागदावर लिही, भागाचा नंबर टाक." तिच्याकडे चार रकान्यांचा कागद आहेच, मागची बाजू रिकामी असेल. शेवटचा भाग संपला की दोघींनी मिळून तो उलटून वाचा. कितव्या भागाला तिला काय वाटत होतं हे तिथे तिच्याच अक्षरात असेल, आणि तोवर गप्प राहिलेल्या तुम्हाला त्या रात्री हवं तेवढं बोलता येईल.